कंदील भिवंडीच्या गोदामात ठेवावेत की घरूनच पाठवावेत?

कंदीलवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी डोंबिवलीत घरी कापडी आकाशकंदील करते. मी आणि शेजारच्या चौघीजणी. कंदील घडीचे आहेत, आत तारेच्या रिंगा, सपाट होऊन पाकिटात बसतात. गेल्या वर्षी एका मोठ्या मार्केटप्लेसवर टाकले आणि ३८० विकले गेले. पॅकिंग घरी करायचं, संध्याकाळी त्यांचा मुलगा येऊन उचलून न्यायचा. पहिले तीन आठवडे मजेत गेले. शेवटच्या दहा दिवसांत काही दिवशी ४०-४५ ऑर्डरी आल्या, रात्री दोनपर्यंत टेप लावत बसलो, तरी काही उशिरा गेल्या आणि खात्यावर ताकीद आली.

यंदा ६०० करायचे आहेत. त्यांच्याकडून मॅनेजर म्हणून एकाचा दर दोन दिवसांनी फोन येतो की सगळा माल आमच्या भिवंडीच्या गोदामात पाठवा, पॅकिंग आणि पाठवणी आम्ही करू, तुम्ही निवांत राहा. फीचं पत्रक पाठवलंय पण त्यातून मला काही बोध होत नाही. कोणी दोन्ही करून बघितलंय का? खरा खर्च किती येतो? आणि दिवाळीनंतर उरलेल्या मालाचं काय होतं?

सातारी_कंदी

नाव वाचून वाटलं माझ्यावरच धागा निघाला. कंदील आणि कंदी, एका अक्षराचा फरक. बाकी चालू द्या.

निखिल_वाकड

ताई, सरळ गोदामात टाका. मी मोबाईलची कव्हरं विकतो, दोन वर्षं सगळा माल तिथेच आहे. एकदा माल दिला की तुटलं, हरवलं, परत आलं, सगळी त्यांची जबाबदारी. 'उद्या मिळेल' असं दिसायला लागतं म्हणून विक्रीही वाढते. डोक्याला ताप नाही.

बुरुडआळी

आमचा कंदील बांबूच्या कामट्यांचा, पारंपरिक, न दुमडणारा. वजन ३०० ग्रॅम. खोका ४५ सेंटिमीटर चौरस आणि तेवढाच उंच. ऑनलाइन टाकला, पहिली ऑर्डर इंदूरची आली. बिल आलं १८ किलोचं! आधी वाटलं चुकून कोणाच्या तरी मिक्सरचं बिल लावलं. नंतर कळलं की लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० करतात. तेव्हापासून फक्त रस्त्यावर विकतो.

हिशोबनीस

बुरुडआळी यांनी नकळत धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट सांगितली. ताई, तुमच्या पाकिटाची मापं सांगा. बाहेरच्या खोक्याची, आतल्या कंदिलाची नकोत. आणि गेल्या वर्षीच्या बिलांत प्रत्येक ऑर्डरला वजन किती धरलंय तेही बघा.

कंदीलवाली

खोका ३० बाय ३० बाय ४. तयार मिळाला तोच घेतला, चौदा रुपयांना एक. कंदील घडी करून २७ बाय २२ बाय ३ होतो. खोक्यासकट वजन २६० ग्रॅम. आणि हो, आत्ता बिलं उघडली. सगळीकडे १ किलो लिहिलंय! मी वर्षभर ते बघितलंच नव्हतं. शिपिंग सरासरी ६५ रुपये पडलंय.

हिशोबनीस

वाटलंच. ३० गुणिले ३० गुणिले ४ म्हणजे ३६००, भागिले ५००० म्हणजे ०.७२ किलो. टप्पे अर्ध्या अर्ध्या किलोचे असतात, म्हणून तुम्ही १ किलोत गेलात. प्रत्यक्षात कंदील पाव किलोचा आहे. तुम्ही वर्षभर खोक्यातल्या हवेचं भाडं भरलंत.

आता २८ बाय २३ बाय साडेतीनचा खोका करून घ्या. गुणाकार २२५४ येतो, म्हणजे ०.४५ किलो. अर्ध्या किलोच्या आत बसलात. फक्त कडेला अगदी चिकटून राहू नका. टेप लावल्यावर खोका मध्ये फुगला आणि साडेतीनाचा चार झाला तर आकडा ०.५१ होतो आणि तुम्ही पुन्हा वरच्या टप्प्यात. त्यांची मोजणी यंत्राने होते, फुगवटाही मोजला जातो. भरलेला खोका मोजपट्टीने स्वतः मोजा, आणि मोजताना फोटो काढून ठेवा.

गोदाम की घर हा प्रश्न यानंतरचा. टप्प्याचा फरक दोन्हीकडे सारखाच लागतो.

कंदीलवाली

अर्ध्या किलोच्या पत्रकाप्रमाणे माझ्या गावांच्या सरासरीने ४५ येतंय. म्हणजे कंदिलामागे वीस रुपये गेले. ३८० गुणिले २०... नको, गुणाकार करत नाही.

तिरफळ

७६००. 😬

हिशोबनीस

तिरफळ, जखमेवर मीठ कशाला.

ताई, पत्रकातले बाकीचे आकडे द्या, मांडून बघू.

कंदीलवाली

गोदामात उचल आणि पॅकिंग मिळून नगाला १५. साठवणुकीचं भाडं घनफुटाला महिन्याला ४५. शिपिंग घरून जेवढं तेवढंच, ४५. उरलेला माल परत मागवला तर नगाला २०. कमिशन दोन्हीकडे सारखं. वर १८ टक्के जीएसटी, पण मी नेहमीच्या पद्धतीने नोंदणीकृत आहे, ते क्रेडिट मिळतं असं सीए म्हणतो. टेम्पोवाला भिवंडीपर्यंत १२०० मागतोय.

हिशोबनीस

घरून: शिपिंग ४५. खोका १४, टेप आणि लेबल ३, पॅकिंग करणाऱ्या बाईचे ८ धरा. एकूण ७०. आठ रुपये धराच, "आपलीच माणसं" म्हणून शून्य धरू नका.

गोदामातून: शिपिंग ४५, उचल-पॅकिंग १५. बाहेरचं पॅकिंग ते करतात, पण त्यांना नग जाड पिशवीत बंद आणि त्यांचं बारकोड लेबल लावलेला लागतो, त्याचे ४. टेम्पोत ३०० नग गेले तर नगाला ४. भाड्यासाठी घनफूट म्हणजे साधारण २८,३०० घनसेंटिमीटर, तुमचा नग २२५४, म्हणजे एका घनफुटात साडेबारा नग. महिन्याला नगामागे ३ रुपये ६० पैसे. एकूण ७२ च्या आत.

७० आणि ७२. फी बघून निर्णय घ्यायचा तर नाणं उडवा.

निखिल_वाकड

मग मी म्हणतो तेच बरोबर. दोन रुपयांसाठी रात्री दोनपर्यंत कशाला जागायचं?

गोदामकाका

मी सहा वर्षं भिवंडीला अशाच एका गोदामात आवक विभागात होतो. आता निवृत्त. कुठल्या कंपनीचं ते विचारू नका.

निखिलराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. माल गोदामाच्या ताब्यात असताना हरवला किंवा फुटला तर भरपाई मिळते, पण ती तुम्ही मागितलेली किंमत नसते, त्यांच्या सूत्राने काढलेली असते. दावा करायला मुदत असते, ती गेली की विषय संपला. ग्राहकाने परत केलेला माल मात्र तुमचाच. तिथे एक मुलगा पाकीट उघडतो, वीस सेकंद बघतो आणि 'विकण्यायोग्य' किंवा 'अयोग्य' असा शिक्का मारतो. मोबाईलच्या कव्हराला वीस सेकंद पुरतात. कंदिलाला पुरतील का, ते ताईंनी ठरवावं.

रेवतीची_आई

काका, अगदी अगदी! मी तोरणं विकते. गोदामातून गेलेलं एक तोरण ग्राहकाने चार दिवस दारावर लावून परत केलं. आतल्या मुलाने 'विकण्यायोग्य' म्हटलं आणि तेच पुढच्या बाईंना गेलं. त्यांनी फोटो टाकला, तोरणाला हळदीकुंकवाचे डाग. एक तारा. तो शेरा अजून पहिल्या पानावर आहे. घरी परत आलं असतं तर मी ते दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं का? चूक माझी नाही हे मी कोणाला सांगणार, नाव माझंच दिसतं.

आता मी परत आलेला माल गोदामात पुन्हा विक्रीला घालू नका असं करून ठेवलंय, म्हणजे तो वेगळा काढून मला परत येतो. माझ्या खात्यात ती सोय सेटिंगमध्ये होती. परत मागवण्याचे पैसे पडतात, पडू देत.

तिरफळ

दिवाळी संपली की कंदील परत करणारे महाभागही असतील ना? भाऊबीजेला उतरवला, दुसऱ्या दिवशी 'रंग वेगळा निघाला'.

कंदीलवाली

सतरा जणांनी केलं गेल्या वर्षी. एकात बल्बचा होल्डर तसाच होता. होल्डर चांगला होता, वापरते आहे.

सह्याद्री_पोरगा

मला वाटतं स्वतःची वेबसाइट काढणं केव्हाही चांगलं. कमिशनच नाही. मी मधासाठी काढली. पैसे थेट खात्यात.

तिरफळ

प्रश्न गोदामाचा आहे हो. पण आलाच आहात तर सांगा, ऑर्डरी किती येतात?

सह्याद्री_पोरगा

सध्या नातेवाईकांच्या.

अनिकेत_बंगळूर

मी विक्रेता नाही, गिऱ्हाईक आहे. इथे बंगळूरला कंदील घेतो तो दिवाळीच्या चार दिवस आधी, त्याआधी आठवतच नाही. तेव्हा 'शुक्रवारपर्यंत मिळेल' असं लिहिलेलाच घेतो. 'सोमवार ते गुरुवार' असं दिसलं की पुढचा. कंदील कितीही सुंदर असो, लक्ष्मीपूजनानंतर आला तर काय करायचं? गेल्या वर्षी एका बाईंचा फार आवडला होता, डोंबिवलीचाच होता बहुतेक, तारीख बघून सोडला.

कंदीलवाली

अनिकेत, रडवलंस.

गोदामकाका

अनिकेत म्हणतात तो गोदामाचा खरा फायदा. शेवटचे दहा दिवस. घरून पाठवताना संध्याकाळची उचल चुकली की एक दिवस गेला. गोदामात ऑर्डर दुपारी आली तरी रात्रीच्या गाडीत जाते.

पण त्या दहा दिवसांचा माल त्या दहा दिवसांत आत येत नाही, हे लोकांना कळत नाही. आवकेसाठी वेळ आरक्षित करावी लागते आणि दिवाळीच्या आधी त्या वेळा मिळेनाशा होतात. मी फाटकावर बघितलंय, टेम्पो सकाळी सातला लागलाय, आरक्षण नाही म्हणून संध्याकाळी तसाच परत. आत आलेला मालसुद्धा लगेच विक्रीला दिसत नाही. मोजणी होऊन मांडणीत जायला गर्दीत आठवडाही लागतो. म्हणून कंदील गणपती उठले की निघाले पाहिजेत. घटस्थापनेनंतर पाठवायचा विचार असेल तर घरीच ठेवा.

दुसरं, एका खोक्यात एकच रंग. आमच्याकडे एक विक्रेता यायचा, एकाच मोठ्या खोक्यात पिवळे आणि केशरी मिसळून. वरचं लेबल केशरी. मोजणाऱ्याने वरचे दोन बघितले आणि सगळे २४ केशरी म्हणून नोंदले. पुढे केशरी मागवणाऱ्यांना पिवळे जायला लागले. विक्रेत्याला दोन आठवडे उलगडा होईना की परतावे अचानक का वाढले.

कंदीलवाली

काका, आणि मोजणीत कमी दाखवलं तर? समजा मी ३०० पाठवले आणि त्यांनी २७६ म्हटलं?

गोदामकाका

तुमचं उदाहरण बरोब्बर आहे, कारण कमी पडतो तेव्हा बहुधा अख्खा खोकाच कमी असतो. २४ च्या पटीत कमी असेल तर खोका कुठेतरी राहिलाय, आरडाओरडा करा, मिळतो. तीन-चार कमी असतील तर लेबल वाचता आली नसतील किंवा तुमचीच मोजणी चुकली असेल, ते मिळवणं अवघड.

पुरावा म्हणून प्रत्येक खोका वजनकाट्यावर ठेवून काट्याचा आकडा आणि लेबल एका फोटोत येईल असं टिपा. आवकेच्या शिक्क्याची चलनाची प्रत टेम्पोवाल्याकडून त्याच दिवशी घ्या. तो ती डॅशबोर्डवर टाकतो आणि त्यावर वडापाव खातो.

सीए_कट्टा

एक राहून गेलेली गोष्ट. गोदामात माल ठेवायचा तर ते गोदाम तुमच्या जीएसटी नोंदणीत व्यवसायाची अतिरिक्त जागा म्हणून घालावं लागतं. त्याशिवाय तुमचा माल तिथे कायदेशीर बसत नाही. जागेची कागदपत्रं मार्केटप्लेस देतं, अर्ज ऑनलाइन होतो, पण मंजुरीला दिवस जातात आणि कधी शंका काढून परतही येतो. गणपतीनंतर माल पाठवायचा तर अर्ज आत्ताच टाका.

निखिल_वाकड

म्हणजे दुसरा जीएसटी नंबर ना? मला त्यासाठी वेगळा घ्यावा लागला होता.

सीए_कट्टा

तुमचं गोदाम बंगळूरला असेल.

निखिल_वाकड

हो, बरोबर. होसकोटे.

सीए_कट्टा

म्हणून. राज्य बदललं की नोंदणी वेगळी, आणि आपल्याच एका नोंदणीवरून दुसरीवर माल पाठवला तरी तो कायद्याने पुरवठा धरतात, कर लावून बीजक करावं लागतं. ताईंचं डोंबिवली ते भिवंडी एकाच राज्यात, एकाच नंबरवर आहे, तिथे डिलिव्हरी चलन पुरतं. मॅनेजर 'बंगळूर, गुरुग्रामलाही ठेवा' म्हणायला लागला की ६०० कंदिलांसाठी त्या भानगडीत पडू नका. भिवंडीतूनही अनिकेतना माल जातो.

आणखी एक. उरलेला माल परत मागवण्याऐवजी 'तिथेच नष्ट करा' असाही पर्याय असतो, स्वस्त दिसतो. पण नष्ट केलेल्या किंवा हरवलेल्या मालावर कापड, तार वगैरेचं जे क्रेडिट घेतलंय ते उलटवावं लागतं. कलम १७(५). हे मॅनेजर सांगणार नाही.

तिरफळ

मॅनेजर काय सांगणार! त्याला महिन्याला किती विक्रेते गोदामात आणले याचं लक्ष्य असतं.

गोदामकाका

असतंच. त्या पोरांवर राग धरू नका, पण आकडा त्यांचा ऐकू नका.

हिशोबनीस

आता उरलेल्या मालाकडे येतो, कारण ताईंचा मूळ प्रश्न तोच होता आणि सगळा धोका तिथेच आहे.

समजा ३०० पाठवले आणि २२० विकले. ८० उरले. परत मागवायला २० प्रमाणे १६००. ते विकलेल्या २२० वर वाटले तर नगामागे सव्वासात रुपये. म्हणजे तुमचे ७२ झाले ७९. अजूनही मरण नाही.

न मागवता पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच ठेवले तर? अकरा महिने गुणिले ३.६०, नगाला ४० रुपये. शिवाय फार काळ पडून राहिलेल्या मालाला जास्तीचं भाडं लावतात, त्या पत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असेल. आणि पुढच्या वर्षी कापडाची घडी पडलेली असणार. म्हणजे मागवणं परवडतं, ठेवणं नाही. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मागणी टाका.

सगळे ६०० टाकून निम्मे उरले तर मात्र हिशोब वेगळा. ३०० गुणिले २० म्हणजे ६०००, आणि ते विकलेल्या ३०० वर पडणार, नगाला २०. तिथे नफा गेला.

रेवतीची_आई

आणि परत येताना एकदम येत नाहीत हं. पाच आज, बारा पुढच्या आठवड्यात, वेगवेगळ्या खोक्यांतून. माझी तोरणं संक्रांतीपर्यंत येत होती. घरी असतात तेव्हा उरलेला माल निदान शेवटच्या दिवशी गल्लीत टेबल टाकून विकता येतो. गोदामातला माल विकता येत नाही, दिसतो फक्त स्क्रीनवर.

बुरुडआळी

टेबल टाकायला जागा मिळाली पाहिजे ना. आमच्याकडे वसुबारसेला पहाटे चारला दोरी बांधावी लागते.

सातारी_कंदी

ऑर्डर घरून पाठवली आणि ग्राहकाने घेतलीच नाही तर काय होतं? शेजारी म्हणतो आरटीओ होतं. मला वाटलं त्याची गाडी पकडली.

रेवतीची_आई

😂 आरटीओ म्हणजे माल उलट पाठवणाऱ्याकडे. दारात पैसे द्यायच्या ऑर्डरींत फार होतं. दिवाळीत तर हमखास, कारण माणूस तीन ठिकाणी मागवतो आणि जो आधी येतो तो ठेवतो. त्यात मात्र गोदामाचा माल आत जाऊन पुन्हा विकायला लवकर उभा राहतो. माझ्याकडे घरी परत यायला बारा-पंधरा दिवस लागायचे, तोवर सण संपलेला. हे गोदामाच्या बाजूने लिहायला हवं, मघाशी मी फार तापले होते.

निखिल_वाकड

चला, एक तरी मत माझ्या बाजूने.

कंदीलवाली

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. गेल्या वर्षीची यादी काढून बसले. रंग सतरा ठेवले होते. ३८० पैकी २३० फक्त तीन रंगांत गेले: केशरी, पिवळा, आणि गुलाबी-जांभळा. बाकी चौदा रंगांत मिळून १५०.

तर असं ठरवतेय. तीन रंगांचे मिळून २०० गोदामात, गणेश विसर्जनानंतर लगेच. बाकीचे घरी. त्या तीन रंगांची घरची नोंदही चालू ठेवायची, म्हणजे गोदामातले संपले तरी पान बंद पडणार नाही. एकाच पानावर दोन्ही ठेवता येतात ना? नवा खोका आजच टाकायला दिला, २८ बाय २३ बाय साडेतीन. जीएसटीचा अर्ज उद्या.

हिशोबनीस

ठेवता येतात, माल-क्रमांक दोन वेगळे करा, नाहीतर साठ्याचा घोळ होईल. टेम्पो २०० ला १२०० म्हणजे नगाला ६ पडेल, चालतंय. पण २०० जरा कमीच वाटतात. २३० विकले गेले होते, तेही 'सोमवार ते गुरुवार' दिसत असताना. मी २५० म्हणेन.

गोदामकाका

मी १५० म्हणेन. पहिलं वर्ष आहे. कमी पडले तर घरचे आहेत, जास्त झाले तर रेवतीच्या आईला विचारा.

तिरफळ

सरासरी २००. ताई आधीच तिथे होत्या.

सह्याद्री_पोरगा

मधाच्या बाटलीलाही भागिले ५००० लागतं का?

हिशोबनीस

लागतं, पण मध जड असतो. खरं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त ते धरतात. तुम्हाला खऱ्या वजनाचंच बिल येणार. आधी नातेवाईकांबाहेरची एक ऑर्डर येऊ द्या.

कंदीलवाली

मॅनेजरचा आत्ता फोन आला होता. २०० म्हटल्यावर म्हणाला, "मॅडम, पाचशेच्या खाली स्पेशल रेट नाही." कोणाला असा रेट खरंच मिळालाय का? की मला घोळात घेतोय?

निखिल_वाकड

मला दोन वर्षांत नाही मिळाला. आणि माझे चार हजार नग आहेत.